शेंगा चटणीसाठी एक मत, जमलं तर

नमस्कार मंडळी. बाळीवेशीतलं आपलं चटणीचं छोटं दुकान शहरातल्या घरगुती खाद्यउद्योगांच्या ऑनलाइन स्पर्धेत शेवटच्या दहांत आलंय. मतदान रविवारी रात्री बारापर्यंत. लिंक बायोमध्ये आहे. एका मोबाइल नंबरवरून एकच मत, ओटीपी येतो, मिनिटभराचं काम.

चटणी खाल्ली असेल आणि आवडली असेल तरच द्या. न खाताच मत दिलेलं आईला पटणार नाही. ती अजूनही भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ उखळातच कुटते. मुसळाला तेल सुटून चटणी चिकटायला लागली की मगच थांबते. मिक्सर घेऊन दिला होता, त्यात आता फक्त इडलीचं पीठ होतं.

यादीतल्या कडक भाकरीवाल्या मावशी जास्त आवडत असतील तर बिनधास्त त्यांना द्या. आमची चटणी त्यांच्याच भाकरीवर खपते!

ग्रुपवर फॉरवर्ड करू नका, घरच्यांचे फोन मागून घेऊ नका. मत दिल्याचा स्क्रीनशॉटही नको. मी पण रोज आठवण करणार नाही. याबद्दलची पुढची पोस्ट थेट निकालाची.

दुकान नेहमीसारखं सकाळी दहाला उघडतं.