एकच गणित, दोन रस्ते: x√(x+1) चं इंटिग्रेशन

ओम: तन्वी, ∫ x√(x+1) dx झालं का तुझं? माझं पान भरलं आणि उत्तर कुठेच नाही.

तन्वी: माझं चार ओळीत झालं. तू काय केलंस?

ओम: बाय पार्ट्स. √(x+1) ला पहिलं फंक्शन घेतलं आणि x इंटिग्रेट केला, तर पुढे ∫ x²/(4√(x+1)) dx आलं, म्हणजे होतं त्याहून भयंकर.

तन्वी: अरे उलटं घे ना. x ला डेरिव्हेटिव्ह दे म्हणजे तो 1 होऊन जाईल. लायेट इथे काही सांगत नाही, दोन्ही अल्जेब्रिकच आहेत.

ओम: थांब. √(x+1) इंटिग्रेट केलं की (2/3)(x+1)^(3/2). म्हणजे (2/3)x(x+1)^(3/2) − (2/3)∫(x+1)^(3/2) dx, आणि शेवटी (2/3)x(x+1)^(3/2) − (4/15)(x+1)^(5/2) + C. अरे, हे तर दोन ओळीत सुटलं!

तन्वी: मी x+1 = t² धरलं, मग dx = 2t dt, रूट गायबच झालं, राहिलं ∫(2t⁴ − 2t²) dt. म्हणजे 2t⁵/5 − 2t³/3, टी परत टाकला की झालं, (2/5)(x+1)^(5/2) − (2/3)(x+1)^(3/2) + C.

ओम: पण उत्तरं वेगळी आहेत गं! माझ्यात x बाहेर उभा आहे, तुझ्यात नाहीच.

तन्वी: दोन्हीतून (x+1)^(3/2) कॉमन काढ. माझ्यात कंसात (6x+6−10)/15 उरतं, तुझ्यात (10x−4x−4)/15.

ओम: दोन्ही (6x−4)/15! म्हणजे (2/15)(3x−2)(x+1)^(3/2) + C. मी तर पान फाडायला निघालो होतो.

तन्वी: मला सबस्टिट्यूशनच आवडतं, त्यात काय पहिलं घ्यायचं हा विचारच नाही, आणि x च्या जागी x² असला तरी फक्त (t²−1)² चा विस्तार करायचा, तुला मात्र बाय पार्ट्स दोनदा करावं लागेल.

ओम: हे मान्य. पण लिमिट 0 ते 3 दिली तर? माझ्या पहिल्या टर्ममध्ये x आहे ना, 0 टाकला की ती शून्य, 3 टाकला की (2/3)·3·8 = 16. मग 16 − (4/15)(32−1), म्हणजे 16 − 124/15 = 116/15.

तन्वी: मला लिमिटही बदलाव्या लागतील, t 1 ते 2. (2/5)·31 − (2/3)·7, म्हणजे 62/5 − 14/3... 186 वजा 70, 116/15. आलं तेच! पण खरंय, इथे तुझंच लवकर झालं.

ओम: आता x²√(x+1) दोघं एकदम सुरू करू, तू तुझ्या रस्त्याने, मी माझ्या. घड्याळ लाव.