दुपारी चहानंतर हात जावा अशी पुस्तकं

नमस्कार मंडळी. आज १ ऑक्टोबर, ज्येष्ठ नागरिक दिन. सत्कार झाले, फोटो झाले, आता पुस्तकांकडे येऊ.

आपल्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर निवृत्त सभासदांची एक मागणी ठरलेली असते: "काहीतरी हलकंफुलकं द्या." तसं दिलं की पुस्तक चार दिवसांत परत येतं, वर शेरा, "अगदीच पोरकट निघालं हो." कारण मागणी हलक्या पुस्तकाची नसतेच. रात्री दहाला मिटून ठेवलं तर डोक्यात भणभण राहू नये, घरी पाहुणे आले आणि दोन दिवस पुस्तक उघडलं नाही तरी धागा सुटू नये, आणि तरीही दुपारचा चहा झाला की आपसूक त्याच्याकडे हात जावा, असं काहीतरी हवं असतं.

अशा कादंबऱ्या मराठीत आहेत. अडचण एकच. आपल्याकडच्या निवांत कादंबऱ्यांचा शेवट बहुतेक वेळा उदास असतो. गाव उठतं, घर ओस पडतं, कुणीतरी जातं. मलपृष्ठावर हे कोणी छापत नाही. म्हणून पुस्तक कुठे टोचतं तेही मी सांगणार आहे. शेवट फोडला म्हणून रागावू नका. या पुस्तकांची गोडी शेवटावर अवलंबून नाही.

पहिलं पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी', १९५५ सालचं. वाचनाची सवय सुटली असेल तर इथूनच सुरुवात करा. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, तिथे नेमणूक झालेला पोरसवदा मास्तर. शाळा आहे, पण पोरं मेंढरांमागे रानात. मग म्हातारा कारभारी मनावर घेतो आणि शाळा हळूहळू भरायला लागते. आयबू, आनंदा रामोशी, अंजी अशी माणसं एकेक करून मास्तरच्या आयुष्यात येतात. एकाच वेळी दहा नावं अंगावर येत नाहीत, ही या कादंबरीची मोठी सोय. निवेदन साध्या मराठीत आहे, वाक्यं तोकडी. माणदेशी बोली फक्त संवादांत, आणि ती दोन दिवसांत कानात बसते. पुस्तक बारीक आहे. रोज पंधरा-वीस पानं वाचलीत तरी आठवड्या-दीड आठवड्यात होतं.

टोचतं ते शेवटाकडे. वाडीनं मिळून तालीम बांधलेली असते, राजेसाहेब येऊन गेलेले असतात, आणि मग दुष्काळ पडतो. माणसं आणि मेंढरं वाडी सोडून जातात. तो भाग झोपण्यापूर्वी वाचू नका, सकाळी वाचा. अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५ सालचा आहे. तो पुस्तक संपल्यावर बघा. आधी पाहिलात तर कारभारी तुमच्या मनातला राहणार नाही.

दुसरं, गो. नी. दांडेकरांचं 'पडघवली'. हेही १९५५ सालचंच. कोकणातलं गाव, आणि गोष्ट सांगणारी त्या घरात सून म्हणून आलेली अंबू वहिनी. झाडं, औषधी पाले, सणवार, देवदेवस्की, घरातली भांडणं, सगळं तिच्या तोंडून. हे पुस्तक अर्धवट परत येण्याचं प्रमाण जास्त आहे आणि कारण जवळजवळ नेहमी एकच: पहिल्या पंचवीस-तीस पानांत नात्यांचा आणि कोकणी शब्दांचा गुंता होतो. वाचक मागे जाऊन "हे कोण बरं?" शोधत बसतो, कंटाळतो, पुस्तक मिटतो.

याला उपाय आहे. पोस्टकार्डाएवढा कागद घ्या आणि नाव आलं की एका ओळीत लिहा: कोण, कुणाचा कोण. बारा-पंधरा नावं झाली की पुढे कागद लागतही नाही. प्रत्येक झाडाचं नाव, प्रत्येक शब्द कळलाच पाहिजे असा हट्ट नको; वहिनी बोलतेय, आपण ऐकतोय, एवढं पुरे. आणि जमलं तर मोठ्यानं वाचा. घरात दोघं असाल तर एकानं वाचावं, दुसऱ्यानं भाजी निवडावी. बाईच्या तोंडची भाषा आहे, ती डोळ्यांपेक्षा कानांना लवकर कळते. गावाची पडझड मात्र या पुस्तकात शेवटापुरती येत नाही, ती अधूनमधून सुरूच असते. ज्यांचं कोकणातलं घर नुकतंच विकलं गेलंय किंवा बंद पडलंय, त्यांनी थोडं थांबून हे न्यावं.

दांडेकरांचीच 'माचीवरला बुधा' निवृत्तांना मुद्दाम सुचवली जाते, कारण बुधा मुंबई सोडून राजमाचीवर परत येतो आणि झाडं, पाखरं, जनावरं यांच्या सोबतीनं राहतो. घटना जवळजवळ नाहीत. ज्यांना एकांत आवडतो त्यांना ती अमृतासारखी लागते. ज्यांच्या घरात अलीकडेच एकटेपण आलंय त्यांनी आत्ता नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि त्यांचीच 'शितू' पुस्तकाच्या जाडीवरून हलकी समजून नेऊ नका. भाषा फार सुंदर, पण शेवट जिव्हारी लागतो.

आता श्री. ना. पेंडसे. आपल्याकडे 'तुंबाडचे खोत' मागणारे पुष्कळ. चार पिढ्यांची कथा, जगबुडी नदीकाठचं तुंबाड, १९८७ सालची, दोन खंड मिळून सुमारे चौदाशे पानं. गुंतवून ठेवते यात वाद नाही. शांत म्हणाल तर नाही. हेवेदावे आहेत, रक्तपात आहे. काहीजण 'तुंबाड' हा भुताचा सिनेमा पाहून हे पुस्तक मागतात. त्या सिनेमाच्या कथेचा या कादंबरीशी संबंध नाही, सिनेमातला हस्तर इथे भेटणार नाही.

हे न्यायचं असेल तर तीन गोष्टी करा. एका वेळी एकच खंड न्या. तो हातात धरून वाचू नका, मनगट दुखतं आणि दोष पुस्तकाला जातो. टेबलावर किंवा मांडीवर उशी घेऊन तिच्यावर टेकवा. आणि पहिल्या दिवसापासून वंशावळ कागदावर काढत चला, वरून खाली, पिढीला एक ओळ. तिसऱ्या पिढीत पोचल्यावर वंशावळ काढायला बसाल तर अर्धं पुस्तक पुन्हा चाळावं लागेल.

त्याआधी पेंडशांची चव घ्यायची तर १९५२ सालची 'गारंबीचा बापू' घ्या. एकच खंड, एकच गाव, आणि सगळ्या गावाला न जुमानणारा बापू. राधेचं पात्र आजही ताजं वाटतं. हिच्यात तणाव आहे, पण वाचून मन खट्टू होत नाही. कोकण आवडतं पण उदास नको, असं म्हणणाऱ्यांना मी आधी हीच देते. हसायचं असेल तर जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे'. त्याला कादंबरी म्हणायचं की व्यक्तिचित्रांची माळ, यावर वाद घालता येईल. प्रकरणं सुटी सुटी वाचता येतात, हे आपल्या कामाचं. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसायचं असेल तर हे पिशवीत टाका.

गावाकडच्या गोष्टी पुरे झाल्या असं ज्यांना वाटतंय, त्यांच्यासाठी प्रभाकर पेंढारकरांची 'रारंग ढांग'. हिमालयात रस्ता बांधायला गेलेला तरुण इंजिनिअर विश्वनाथ आणि लष्करी शिस्त यांची ओढाताण. सरकारी नोकरी केलेल्यांना यातली फायलींची आणि हुकमांची भाषा लगेच ओळखू येते. बांधकामावर अपघात होतात, माणसं दगावतात, हे आधी सांगून ठेवते.

मिलिंद बोकीलांची 'शाळा' २००४ सालची, आणीबाणीच्या काळातल्या नववीतल्या मुलांची. पोरांची भाषा पोरांचीच आहे. निवृत्त शिक्षकांपैकी काहींना ती पहिल्या दहा पानांत खटकते, मग तेच दुसऱ्यांना सुचवतात.

अनुवादांत दोन नावं पुरेत. शांता शेळके यांची 'चौघीजणी', म्हणजे लुइझा मे अल्कॉटच्या चार बहिणी. जाडजूड आहे पण प्रकरणं आटोपशीर, एका बैठकीला एक. उत्तरार्धात बेथचं आजारपण आहे. बाकी पुस्तक उबदार. दुसरं, 'एका कोळियाने', हेमिंग्वेचा म्हातारा कोळी पु. लं.च्या मराठीत. चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेला माणूस, एक होडी आणि समुद्र. पानं थोडी, मोठ्या पुस्तकाची धास्ती वाटते त्यांनी इथून सुरुवात करायला हरकत नाही.

आता निवडण्याबद्दल. कपाटापाशी उभं राहून पहिलं पान वाचू नका. पहिल्या पानावर मोकळी जागा जास्त असते, अक्षर मोठं वाटतं. मधलं कुठलंही पान उघडा, खिडकीपाशी जा आणि 'द्ध', 'ष्ट', 'क्ष' ही जोडाक्षरं न अडखळता दिसतात का बघा. ती दिसली की बाकी सगळं दिसतं. जुन्या प्रतींत शाई फिकी झालेली असते आणि कागद पिवळा; त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती आपल्याकडे आहे का, ते विचारा. कधीकधी असते आणि मागच्या रांगेत पडून राहते. बांधणीही बघा. पुस्तक उघडं ठेवल्यावर आपणहून मिटत असेल तर ओळीची शेवटची अक्षरं घडीत जातात आणि मान वाकडी होते.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टर चष्म्याचा नंबर पक्का करून देईपर्यंत बारीक टाइपाचं पुस्तक नेऊच नका. तोवर ऐका. स्टोरीटेलसारख्या अ‍ॅपवर मराठी कादंबऱ्या ऐकायला मिळतात. वाचणाऱ्याचा वेग जास्त वाटला तर तो कमी करता येतो, घरातल्या कुणालाही दाखवायला सांगा. वाचताना दिवा समोर नको, खांद्यामागून उजेड यावा. गुळगुळीत कागदावर समोरचा दिवा चमकतो आणि दोष चष्म्याला जातो.

आणि तीस पानांत मन लागलं नाही तर पुस्तक खुशाल परत करा. संपवलंच पाहिजे असा नियम शाळेत होता, इथे नाही. फक्त परत करताना कुठल्या पानाशी थांबलात ते सांगा. पुढच्या वाचकाला देताना आम्हाला उपयोग होतो.

खिडकीजवळच्या टेबलावर ही सगळी पुस्तकं मांडली आहेत. निळी चिठ्ठी असेल ती प्रत मोठ्या टाइपाची. आज एका कार्डावर दोन पुस्तकं मिळतील, मुदत महिन्याची; एक बारीक आणि एक जाड अशी जोडी न्या. 'तुंबाडचे खोत'चा दुसरा खंड टेबलावर मुद्दाम ठेवलेला नाही. पहिला परत आणा, मग मिळेल.