मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर आलेल्या सुजेवरील इंजेक्शनांचा दावा नाकारल्याविरुद्ध अपील

दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५

प्रेषक :
सौ. सुनंदा वसंतराव ढोबळे
प्रतापनगर, नागपूर ४४००२२

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा दावा विभाग,
विभागीय कार्यालय, नागपूर

विषय : उजव्या डोळ्यातील तीन इंजेक्शनांचा ९३,००० रुपयांचा दावा नाकारण्याच्या निर्णयाचा फेरविचार करून तो मंजूर करण्याबाबत.

संदर्भ : १) पॉलिसी क्रमांक ४४१७०३२२९८, विमा रक्कम ५ लाख रुपये. २) दावा क्रमांक २५०८६११४. ३) आपले दिनांक १४ ऑक्टोबर २०२५ चे नकारपत्र.

महोदय,

मी आपल्या कंपनीची १८ मार्च २०१७ पासूनची विमाधारक असून तेव्हापासून एकाही वर्षी नूतनीकरणात खंड पडलेला नाही. ९ जून, ८ जुलै आणि ११ ऑगस्ट २०२५ या तीन दिवशी माझ्या उजव्या डोळ्यात रॅनिबिझुमॅब या औषधाची इंजेक्शने देण्यात आली. प्रत्येक वेळी औषधाचे २२,४०० रुपये, शस्त्रक्रियागृह व डॉक्टरांचे शुल्क ६,८०० रुपये आणि ओसीटी तपासणीचे १,८०० रुपये असा ३१,००० रुपये खर्च आला. त्याचा एकत्रित दावा मी २५ ऑगस्ट रोजी सर्व मूळ बिलांसह दाखल केला होता. "रुग्ण २४ तासांपेक्षा कमी काळ रुग्णालयात होता व प्रक्रिया बाह्यरुग्ण स्वरूपाची आहे, तसेच आजार पूर्वीपासूनच्या मधुमेहाशी संबंधित आहे" एवढ्या एका वाक्यात आपण तो नाकारला. ही दोन्ही कारणे माझ्या पॉलिसीच्या मजकुराशी जुळत नाहीत, म्हणून हे अपील करीत आहे.

प्रथम आजाराविषयी लिहिते, कारण नकारपत्रात त्याचे नावही आलेले नाही. मला डायबेटिक मॅक्युलर एडिमा आहे. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यातील बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होऊन पाझरू लागतात आणि तो द्रव मॅक्युलात, म्हणजे पडद्याच्या ज्या मध्यबिंदूने आपण अक्षर वाचतो, चेहरा ओळखतो आणि सुईत दोरा ओवतो, तिथे साचून सूज येते. मे महिन्यात मला सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या आणि वाचताना ओळीतले मधले अक्षर गायब होऊ लागले. रामदासपेठेतील नेत्ररुग्णालयात केलेल्या ओसीटी तपासणीत उजव्या मॅक्युलाच्या मध्यभागाची जाडी ४६८ मायक्रॉन भरली आणि दृष्टी ६/३६ आढळली. माझ्या डाव्या डोळ्यात लहानपणापासून फूल पडलेले आहे व त्या डोळ्याने मला बोटे मोजण्यापलीकडे काही दिसत नाही. उजवा डोळा हाच माझा कामाचा एकमेव डोळा आहे, हे आपल्या दावा विभागातील कोणी माझ्या कागदांतून वाचले असेल असे नकारपत्रावरून वाटत नाही. डॉक्टरांच्या पहिल्याच टिपणात ते स्पष्ट लिहिलेले आहे.

ही इंजेक्शने ताकदीची किंवा सोयीची नाहीत. पाझर वाढवणाऱ्या व्हीईजीएफ नावाच्या प्रथिनाला हे औषध अडवते, त्यामुळे सूज उतरते. पूर्वी या आजारात प्रामुख्याने लेझर करीत. त्याने दृष्टी आणखी घसरण्याचा धोका कमी होत असे, परंतु गेलेली दृष्टी क्वचितच परत येत असे. सूज अगदी मध्यबिंदूवर असून दृष्टी कमी झाली असेल तेव्हा आज जगभर या गटातील इंजेक्शने हाच पहिला उपचार मानला जातो. माझ्या बाबतीतही त्याचा परिणाम कागदावर मोजता येतो. तिसऱ्या इंजेक्शननंतरच्या तपासणीत जाडी २९१ मायक्रॉनवर आली होती आणि दृष्टी ६/१२ झाली होती.

आता २४ तासांच्या कारणाकडे येते. माझ्या पॉलिसीच्या कलम ४.६ मध्ये "आधुनिक उपचार पद्धती" या शीर्षकाखाली आपण ज्या उपचारांचा खर्च देण्याचे मान्य केले आहे, त्यांच्या यादीत "इंट्राव्हिट्रिअल इंजेक्शन" असे स्पष्ट नाव आहे आणि त्यासाठी विमा रकमेच्या ५० टक्के, म्हणजे २,५०,००० रुपयांची मर्यादा दिली आहे. डोळ्याच्या आतील काचद्रवात दिलेले इंजेक्शन म्हणजेच इंट्राव्हिट्रिअल इंजेक्शन. माझा दावा त्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी आहे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २७ सप्टेंबर २०१९ रोजी विमा-वगळण्यांच्या प्रमाणीकरणाबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत बारा आधुनिक उपचार पद्धती वगळता येणार नाहीत असे म्हटले आहे आणि हे इंजेक्शन त्या बारांत आहे. जुन्या पॉलिसींनाही ही तत्त्वे १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाली. माझ्या पॉलिसीतील कलम ४.६ त्यानंतरच्या नूतनीकरणात आपणच समाविष्ट केले.

हे इंजेक्शन देण्यासाठी रुग्णाला २४ तास रुग्णालयात ठेवण्याची पद्धत कोठेही नाही. सुई आत जाते आणि बाहेर येते ती काही क्षणांत. तयारी आणि नंतरची तपासणी धरून रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. मग जो उपचार २४ तासांचा कधीच नसतो, तो आपण नाव घेऊन यादीत घालायचा आणि दावा आला की २४ तास झाले नाहीत म्हणून नाकारायचा, असे केल्यास कलम ४.६ मधील त्या ओळीचा लाभ कोणत्याच विमाधारकाला कधीच मिळणार नाही. करारातील शब्द निरर्थक ठरेल असा अर्थ लावता येत नाही आणि संदिग्धता असेल तर तिचा फायदा विमाधारकाला द्यावा लागतो, हे विमा कायद्यातील रुळलेले तत्त्व आपल्या विधी विभागाला ठाऊक असेलच. विशिष्ट उपचाराचे नाव घेऊन दिलेले संरक्षण सर्वसाधारण अटीने काढून घेता येत नाही.

"बाह्यरुग्ण स्वरूप" हा शब्दप्रयोगही वस्तुस्थितीला धरून नाही. मला तपासणीच्या खोलीत खुर्चीवर बसवून इंजेक्शन दिलेले नाही. प्रत्येक वेळी संमतीपत्र घेऊन, शस्त्रक्रियागृहात आडवे करून, बधिरतेचे थेंब घालून, पोव्हिडोन आयोडीनने डोळा निर्जंतुक करून, चेहऱ्यावर निर्जंतुक कापड टाकून आणि पापण्या उपकरणाने उघड्या ठेवून ही प्रक्रिया करण्यात आली. एवढी दक्षता घेण्याचे कारण असे की, डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला तर काही दिवसांत डोळा कायमचा जाऊ शकतो. तिन्ही वेळची दाखल व मुक्त केल्याची नोंद, शस्त्रक्रिया टिपण आणि औषधाच्या कुपीवरील बॅच क्रमांकाचे स्टिकर आपल्याकडे दाव्यासोबतच पोहोचलेले आहेत.

पूर्वीपासूनच्या मधुमेहाचा मुद्दा थोडक्यात संपवता येतो. मला २०११ पासून मधुमेह आहे आणि ही गोष्ट मी २०१७ च्या प्रस्ताव अर्जात माझ्या हाताने लिहिली होती. त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. पूर्वीपासूनच्या आजारांसाठी पॉलिसीत ४८ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ होता. तो मार्च २०२१ मध्ये पूर्ण झाला, आणि डोळ्याच्या सुजेचे निदान मे २०२५ मध्ये झाले. शिवाय सलग ६० महिन्यांचा काळ उलटून गेल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. आणि माझ्याविरुद्ध असा आरोप आपण केलेलाही नाही. आठ वर्षे मधुमेहाची नोंद ठेवून हप्ता स्वीकारायचा आणि त्याच मधुमेहाचा परिणाम दिसला की तो पूर्वीचा म्हणायचा, हे मला मनापासून अन्यायाचे वाटते.

नकारपत्राच्या स्वरूपाबद्दलही माझी तक्रार आहे. विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या आरोग्य विमाविषयक मुख्य परिपत्रकानुसार कोणताही दावा नाकारण्यापूर्वी कंपनीच्या दावा पुनरीक्षण समितीची मान्यता लागते आणि नकार देताना पॉलिसीतील नेमक्या अटीचा उल्लेख करून पूर्ण कारणे कळवावी लागतात. आपल्या पत्रात एकाही कलमाचा क्रमांक नाही आणि समितीचा उल्लेखही नाही.

या निर्णयाची वाट पाहताना जे घडले ते सांगणे आवश्यक आहे. चौथे इंजेक्शन सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घ्यायचे होते. दाव्याचे उत्तर येईल, मग पुढचे घेऊ, असे ठरवून मी ते लांबवले. माझे पती खाजगी नोकरीतून निवृत्त आहेत आणि दरमहा ३१,००० रुपये घरखर्चातून काढणे आम्हाला शक्य नव्हते. १३ ऑक्टोबरच्या तपासणीत जाडी पुन्हा ३४२ मायक्रॉन झाल्याचे व दृष्टी ६/१८ वर उतरल्याचे आढळले. दुसऱ्याच दिवशीच्या तारखेचे आपले नकारपत्र मिळाल्यावर आम्ही बँकेतील मुदत ठेव मोडली आणि १६ ऑक्टोबरला चौथे इंजेक्शन घेतले. मी आमच्या वस्तीतील महिला बचत गटाचे हिशेब गेली अकरा वर्षे लिहिते. सध्या आकडे शेजारची मुलगी वाचून दाखवते आणि मी बेरीज तोंडी करते. हे दयेसाठी लिहीत नाही; उशिराची किंमत डोळ्याच्या बाबतीत कोणत्या रूपात मोजावी लागते, हे निर्णय घेणाऱ्याला माहीत असावे म्हणून लिहीत आहे.

म्हणून माझी विनंती आहे की, हा दावा डोळ्याच्या पडद्याच्या विकारांची माहिती असलेल्या नेत्रतज्ज्ञ सल्लागाराकडे फेरतपासणीसाठी द्यावा, ९३,००० रुपयांची पूर्ण रक्कम विलंबाच्या नियमानुसार देय व्याजासह माझ्या बँक खात्यात जमा करावी, आणि चौथ्या इंजेक्शनचा ३१,००० रुपयांचा दावा, जो मी आजच स्वतंत्रपणे दाखल करीत आहे, त्याच कारणाने परत पाठवू नये. डॉक्टरांनी पुढील काही महिने तपासणीनुसार आणखी इंजेक्शने लागतील असे लिहून दिले आहे, त्यामुळे यापुढील प्रत्येक वेळी हाच वाद होऊ नये यासाठी कलम ४.६ खालील आपली भूमिका मला लेखी कळवावी. तरीही आपण नकार कायम ठेवणार असाल तर पॉलिसीचे नेमके कलम, समितीच्या निर्णयाची तारीख आणि वैद्यकीय सल्लागाराचा लेखी अभिप्राय मला द्यावा. एक महिन्यात समाधानकारक उत्तर न मिळाल्यास मी विमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवून विमा लोकपालांकडे अर्ज करीन.

सोबत नकारपत्र, २०१७ च्या प्रस्ताव अर्जाचे पान, पॉलिसीतील कलम ४.६, मे ते ऑक्टोबर २०२५ मधील सर्व ओसीटी अहवाल, तिन्ही वेळची शस्त्रक्रिया टिपणे व बिलांच्या प्रती आणि उपचार करणाऱ्या रेटिनातज्ज्ञांचे ५ नोव्हेंबरचे प्रमाणपत्र जोडले आहे. हे पत्र माझ्या सांगण्यावरून माझ्या पतींनी टंकलिखित केले असून ते मला पूर्ण वाचून दाखवले आहे. माझा दूरध्वनी क्रमांक पॉलिसीच्या नोंदीत आहे. शक्यतो दुपारी चारनंतर संपर्क साधावा.

आपली विश्वासू,

(सही)
सौ. सुनंदा वसंतराव ढोबळे