पोस्टपेड बिल: 6 सप्टेंबर ते 5 ऑक्टोबर 2025

पुणे. मोबाइल क्रमांकाचे शेवटचे अंक 417

मासिक भाडे (75 जीबी): ₹499.00

जादा डेटा: ₹128.00
वापर 81.4 जीबी. कोटा 29 सप्टेंबरला संपला, पुढचे 6.4 जीबी × ₹20.

आंतरराष्ट्रीय रोमिंग, दुबई, 21 सप्टेंबर: ₹750.00
डेटा 14 एमबी × ₹30 = ₹420. रोमिंग पॅक सुरू नव्हता, म्हणून प्रति एमबी दर लागला. वेळ 02:10 ते 02:26. फोन खिशात असला तरी ॲप्स पाठीमागे डेटा ओढत राहतात.
आलेला कॉल 3 मिनिटे 12 सेकंद; आकारणी 4 मिनिटे × ₹75 = ₹300. परदेशात कॉल घेण्याचेही पैसे पडतात.
पाठवलेले एसएमएस 2 × ₹15 = ₹30

मूल्यवर्धित सेवा: ₹79.00
कॉलर ट्यून ₹49, क्रिकेट अलर्ट ₹30 (दोन्ही 11 सप्टेंबरपासून)

करपूर्व रक्कम: ₹1,456.00
सीजीएसटी 9%: ₹131.04
एसजीएसटी 9%: ₹131.04
एकूण देय: ₹1,718.08
मुदत 23 ऑक्टोबर. त्यानंतर विलंब शुल्क ₹100

मूल्यवर्धित सेवा बंद करण्यासाठी 155223. बिलाबद्दल तक्रार 198 वर नोंदवून डॉकेट क्रमांक घ्या. अपिलाच्या वेळी तोच मागितला जातो.