आमच्या अन्वीच्या दुपारच्या झोपेबद्दल

फोंडा, शुक्रवार

प्रिय सुजाता टीचर,

सप्रेम नमस्कार.

सोमवारपासून अन्वी पूर्ण दिवस, म्हणजे साडेतीनपर्यंत तुमच्याकडे राहणार. गेले दोन आठवडे ती साडेअकरालाच घरी यायची, त्यामुळे तिची दुपार तुम्ही अजून पाहिलेली नाही. काल दारात उभ्या उभ्या तुम्ही विचारलंत, "झोपते ना नीट?" तेव्हा मी घाईत "हो हो" म्हणून निघाले. रात्री आम्ही दोघं बसलो तेव्हा वाटलं, हे नीट लिहूनच द्यावं. मावशींनाही वाचून दाखवा, कारण निजवायला बहुतेक त्याच असतील.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. दुपारी बाराच्या पुढेमागे अन्वी एकाएकी जोरजोरात हसायला लागली, खोलीभर गोल गोल धावायला लागली, तर ती ताजीतवानी आहे असं समजू नका. ती अतिशय दमलेली असते. झोपेची वेळ हुकली की तिचं शरीर जागं राहायला जोर लावतं, आणि बाहेरून तो उत्साहच वाटतो. आम्हालाही हे कळायला सात-आठ महिने लागले.

आधी ती ज्या पाळणाघरात जायची तिथे हेच व्हायचं. "हिला झोप नकोच असते, बघा कशी खेळते," असं आम्हाला रोज सांगायचे. त्यांचा हेतू वाईट नव्हता, मुलं खूप होती आणि खेळणाऱ्या मुलाला बळंच का झोपवा, असं त्यांना वाटायचं. पण संध्याकाळी घरी आली की चप्पल काढण्यावरून अर्धा तास रडणं, जेवण नको, आंघोळ नको, आणि रात्री दर दोन तासांनी दचकून उठणं. एकदा तिने तिथल्या एका बाळाच्या दंडाला चावा घेतला. आम्ही फार शरमलो. नंतर वेळ विचारली तर साडेबारा होऊन गेले होते आणि ती सकाळपासून जागी होती. घरी तिने कधी कुणाला चावलेलं नाही.

म्हणून धावपळ सुरू होण्याच्या आधीच तिला पकडायचं असतं. त्याची खूण म्हणजे डावा कान. झोप येऊ लागली की ती डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून चोळते, चेहरा एकदम शांत होतो आणि नजर कुठेतरी एका जागी खिळते. हाक मारली तर लगेच बघत नाही. त्याच सुमारास हातातली वस्तू समोरच्याला देऊन टाकते, बाहुली असो नाहीतर बिस्किट. तुमच्या हातात काही आणून ठेवलं आणि पुन्हा मागितलं नाही, तर घड्याळ बघा, बारा वाजत आलेले असतील. कान धरल्यापासून साधारण वीस मिनिटं हातात असतात. तेवढ्यात आडवी झाली तर दहा-पंधरा मिनिटांत झोपते.

ती वीस मिनिटं गेली की दुसरी पायरी. सपाट जमिनीवर अडखळते, पुन्हा पुन्हा "पाणी" मागते आणि पीत नाही, आणि सगळ्याला "नाका" सुरू होतं. (तिच्या बोलण्यात आजीची कोंकणी आणि आमचं मराठी एकत्र आहे. "न्हीद नाका" असं म्हणाली तर झोपच आलेली असते, हे घरात सगळ्यांना पाठ झालंय.) इथेही वेळ गेलेली नसते, फक्त तिला उचलून दुसऱ्या शांत जागी न्यावं लागतं. हसणं-धावणं आणि चावणं ही त्यापुढची गोष्ट. मात्र जांभईवर जाऊ नका. सकाळी उठल्यावर ती चार-पाच जांभया देते, दुपारी एकही देत नाही.

आता वेळेचं. ती पावणेसातला उठते आणि रात्री साडेआठला झोपते. दुपारी दीड तास झोप झाली की दिवसभराची मिळून पावणेबारा तास होते. या वयाला दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास झोप लागते, असं डॉक्टर सांगतात. दुपारची झोप गेली तर ती त्या खाली येते, आणि तिच्या बाबतीत ते दुसऱ्याच दिवशी दिसतं.

तुमच्याकडे साडेबाराला जेवण आणि सव्वाला सगळ्यांची झोप, हे आम्हाला माहीत आहे. एका मुलीसाठी शाळेचं वेळापत्रक बदला असं आमचं म्हणणं नाही. एवढंच विचारायचं आहे, की पहिले दोन-तीन महिने तिला पावणेबाराला, इतरांच्या आधी भरवता येईल का? मी डब्यात उकड्या तांदळाचा मऊ भात आणि डाळ वेगळ्या छोट्या डब्यात देईन, म्हणजे मावशींना वाढण्याची खटपट नको. मग साडेबाराला ती आडवी होऊ शकेल. इतर मुलं जेवत असताना आवाज असणारच, त्याची काळजी करू नका. पावसात कौलांवर धो धो आवाज होत असतो तेव्हा ती सगळ्यात छान झोपते. तिला जाग येते ती आवाज एकदम थांबला की. लाईट जाऊन पंखा बंद पडला की मिनिटभरात डोळे उघडतात. तेव्हा कुणी पाठीवर हात ठेवला तर बहुतेक पुन्हा झोपते.

एक विनंती मात्र कळकळीची आहे. डोळे मिटत असताना तिला भरवू नका, घासभर राहिला असला तरी. पेंगताना ती घास गालात धरून ठेवते आणि तो घशात अडकण्याची भीती असते. अर्धपोटी झोपली तरी चालेल, उठल्यावर केळं खाईल. झोपताना दुधाची बाटलीही नको. ती सवय सोडवायला आम्हाला फार त्रास झालाय आणि दातांनाही ते बरं नाही.

निजवण्याची रीत साधी आहे. पिशवीत आजीच्या जुन्या लुगड्याची छोटी वाकळ आहे, निळ्या काठाची. ती हातात दिली की काठाचं टोक शोधते आणि तेच चोळत बसते. उशी लागत नाही. कुशीवर वळते, मग खांद्यांच्या खाली पाठीवर हळूहळू थोपटायचं, आजी जात्यावरच्या ओव्यांच्या चालीत थोपटते तेवढ्या संथ. भराभर थोपटलं तर तिला तो खेळ वाटतो आणि ती उठून बसते. मांडीवर हलवायची गरज नाही, आम्ही मुद्दाम ती सवय लावलेली नाही. गळ्यातली काळ्या मण्यांची माळ शाळेत पाठवताना काढूनच ठेवू. एखाद्या दिवशी आजीने राहू दिली असेल तर झोपण्याआधी काढून पिशवीत टाका.

अर्ध्या तासात झोप लागली नाही तर राहू द्या. पडून राहिली, वाकळीशी खेळली, तरी विश्रांती होते. त्या दिवशी मला सांगा, म्हणजे आम्ही रात्री साडेसातलाच झोपवू. पण "झोप, नाहीतर बागुलबुवा येईल" किंवा "पोलीस नेतील" असं कुणी म्हणू नये, ही आम्हा दोघांची हात जोडून विनंती. मे महिन्यात पाहुण्यांपैकी कुणीतरी गमतीने असं म्हटलं आणि पुढचे नऊ-दहा दिवस ती खोलीतला दिवा मालवू देत नव्हती. तुम्ही असं म्हणणार नाही याची खात्री आहे, पण मोठ्या मुलांच्या तोंडूनही ते येतं.

उठवण्याबद्दल थोडं. दोनपर्यंत आपण होऊन उठते. अडीच वाजले तरी झोपलेली असेल तर उठवा, नाहीतर रात्रीचे साडेदहा होतात. एकदम उचलू नका. पडदा थोडा सरकवा, "अनू" अशी हाक मारा, पायाच्या तळव्यावरून हात फिरवा. उठल्यावर पाच-दहा मिनिटं रडवेली असते, काहीच नको असतं, आईही नको असते. झोपेतून पूर्ण बाहेर यायला तिला तेवढा वेळ लागतो. तेव्हा समजूत काढायला गेलं की जास्त रडते. मांडीवर किंवा शेजारी गप्प बसू दिलं की स्वतःच पाण्याचा पेला शोधत निघते. मग लगेच शूला न्या, डायपर कोरडा असण्याची शक्यता निम्मी आहे.

साडेतीनला मी तिला स्कूटरवरून नेते. झोप झालेली नसली तर वाटेतच तिची मान कलंडते आणि एका हाताने तिला सावरत स्कूटर चालवणं मला जमत नाही, धोक्याचं आहे ते. अशा दिवशी दीड-दोनपर्यंत मला एक मेसेज टाका. मी ऑफिसातून निघताना रिक्षा करून येईन. यात संकोच नको, "आज झोपली नाही" एवढे तीन शब्द पुरेत.

थकवा आणि आजारपण यात फरक कसा करायचा, तर कान चोळणं नेहमीचंच आहे, पण कानाला हात लावू देत नसेल, अंग गरम लागत असेल किंवा सकाळी दहालाच वाकळ मागत असेल, तर फोन करा. झोपून उठल्यावरही मलूल असेल तर वाट न बघता करा. सध्या मागच्या दाढा येताहेत, त्यामुळे लाळ आणि थोडी किरकिर असेल, त्याचं विशेष काही नाही.

चवथीला आम्ही पाच दिवस साखळीच्या मूळ घरी असतो. आरत्या, फुगड्या, पंधरा-वीस माणसं, कुणाच्या ना कुणाच्या कडेवर ती रात्री अकरापर्यंत जागी. तो आनंद तिला मिळावा असं आम्हालाही वाटतं. पण परत आल्यावर पहिले दोन दिवस ती अकरालाच कान धरेल, तेव्हा जमलं तर तासभर आधी झोपू द्या.

तुम्ही रोज बघाल आणि आमच्या लक्षात न आलेलं काही तुम्हाला दिसेलही. ते आम्हाला सांगा, आम्ही घरी तसंच करू. पहिल्या आठवड्यात ती किती वाजता झोपली आणि किती वाजता उठली, एवढं डायरीत लिहाल का? त्यावरून घरची वेळ आम्हाला पुढेमागे करता येईल.

सोमवारी पिशवीत वाकळ, जास्तीचे दोन डायपर, एक पातळ सुती फ्रॉक आणि भाताचा छोटा डबा असेल. वाकळ शुक्रवारी धुवायला घरी पाठवा, मात्र सोमवारपर्यंत वाळली नाही तर पावसाळ्यात दुसरी असावी म्हणून आजी तसलीच एक शिवायला बसली आहे.

आपले,
अन्वीचे आई-बाबा