ऑटोलोगस स्टेम सेल ट्रान्सप्लांट: मायलोमाच्या रुग्णांचे प्रश्न, आमची उत्तरं

किती दिवस अ‍ॅडमिट राहावं लागेल?
साधारण दोन ते तीन आठवडे. सोबत एकच नातेवाईक, तोही सर्दी-खोकला नसलेला.

ऑपरेशन असतं का?
नाही. आधी मेल्फालानची जोरदार केमो, मग तुमच्याच गोठवून ठेवलेल्या पेशी सलाईनसारख्या शिरेतून देतात. तो ‘डे झिरो’. त्या दिवशी खोलीत लसणासारखा वास येईल. तो पेशी टिकवणाऱ्या द्रव्याचा असतो, घाबरू नका. मेल्फालान चालू असताना बर्फाचे खडे चघळत राहा. कंटाळा येतो, दात शिवशिवतात, तरी सोडू नका. तोंडात फोड कमी येतात.

सगळ्यात कठीण दिवस कोणते?
पाचव्यापासून बाराव्यापर्यंत. जुलाब, ताप, घास गिळवत नाही. केस जातात. रडू आलं तर रडा, सिस्टरांना सांगा. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी वाढू लागतात आणि हळूहळू तोंडाला चव येते.

घरी गेल्यावर?
पहिले तीन महिने जपायचे. ताजं, गरम अन्न. बाहेरची पाणीपुरी, उसाचा रस, कच्ची कोशिंबीर बंद. कुंडीतली माती, कबुतरांची विष्ठा यांपासून लांब. लग्न-बारसं टाळा, पाहुण्यांना स्पष्ट नाही म्हणा. ताप १००.४ फॅरनहाइट झाला की रात्रीचे दोन वाजले असले तरी लगेच फोन करा. आधी क्रोसिन घेऊन वाट पाहू नका.

लसी?
लहानपणच्या लसींचं संरक्षण कमी होतं. सहा महिन्यांच्या आसपास डॉक्टर पुन्हा सुरू करतील.

कामावर कधी?
बहुतेकांना तीन ते सहा महिने लागतात. थकवा हा आळस नव्हे, हे घरच्यांनाही वाचून दाखवा.