मुठा गट: सहाव्या सत्राच्या प्रकल्पाचा करारनामा

गट: सानिका, ओंकार, ऋतुजा, फैजान, प्रतीक (टीई सिव्हिल)
विषय: विठ्ठलवाडी ते संगम पूल या पट्ट्यात मुठेच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन आणि बीओडी कसा बदलत जातो
कालावधी: ९ जानेवारी ते २४ एप्रिल २०२६

हा करार आपण पाचही जणांनी एकत्र बसून ठरवला आहे. गाइड मॅडमना याची एक प्रत दिली आहे. दुसरी ड्राइव्हवरच्या आपल्या फोल्डरमध्ये सगळ्यात वर राहील.

आपल्याला काय करायचं आहे

विठ्ठलवाडी, राजाराम पूल, म्हात्रे पूल, ओंकारेश्वर आणि संगम पूल अशा पाच ठिकाणांहून सहा वेळा नमुने घ्यायचे. प्रत्येक नमुन्याचं तापमान, पीएच, डीओ आणि बीओडी काढायचं आणि ते आंघोळीच्या पाण्याच्या निकषांशी ताडून पाहायचं: डीओ लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम. खडकवासल्याकडून येणारं पाणी शहरात शिरल्यावर नेमकं कुठे बिघडायला लागतं, हे आपल्या स्वतःच्या आकड्यांवरून सांगता आलं तर प्रकल्प जमला असं आपण मानू. गुण चांगले मिळावेत असं सगळ्यांनाच वाटतं. पण आकडे खरे असणं हे त्याच्या आधी येतं, यावर पाचही जणांचं एकमत आहे.

तारखा

नमुने मंगळवारीच घ्यायचे. बीओडीची बाटली २७ अंशांवर तीन दिवस इन्क्युबेटरमध्ये राहते. मंगळवारी ठेवली की शुक्रवारी वाचता येते. गुरुवारी ठेवली तर रीडिंग रविवारी येईल आणि तेव्हा लॅबला कुलूप असतं. त्यामुळे "या आठवड्यात गुरुवारी करू या का?" हा प्रश्न कुणी विचारायचा नाही.

नमुन्यांचे दिवस: २७ जानेवारी, १० फेब्रुवारी, २४ फेब्रुवारी, १० मार्च, २४ मार्च, ७ एप्रिल. यानंतरचा मंगळवार १४ एप्रिल म्हणजे आंबेडकर जयंती, सुट्टी. सातवी फेरी होणार नाही, म्हणून एखादी फेरी हुकली तर ती भरून काढायला जागा नाही. हे सगळ्यांनी आत्ताच लक्षात घ्यावं.

अहवालाचा पहिला पूर्ण मसुदा १७ एप्रिलला तयार हवा, २४ एप्रिलला सबमिशन.

कामं

समन्वय सानिकाकडे: अजेंडा, तारखांची आठवण, मॅडमशी बोलणं. नदीवरच्या कामाची आखणी ऋतुजाकडे. लॅब ओंकारकडे. आकड्यांची शीट आणि पैशांचा हिशोब फैजानकडे. नकाशा, आलेख आणि अहवालाची जुळणी प्रतीककडे.

"जबाबदार" याचा अर्थ सगळं काम त्यानेच करायचं असा नाही. ते काम झालंय की नाही हे त्याला कायम माहीत असावं, एवढाच. टायट्रेशन पाचही जणांना यायला हवं. ओरलला परीक्षक कुणालाही विचारतील आणि "ते ओंकारने केलं" हे उत्तर तिथे चालत नाही.

लिहिण्याचं काम आपसूक मुलींकडे जाणार नाही. अक्षर चांगलं, फाइल नीट ठेवतात, असं म्हणत जर्नल, इतिवृत्त आणि पीपीटी सानिका-ऋतुजाकडे सरकवायचं आणि नदीवर मुलांनी जायचं, असं या गटात होणार नाही. इतिवृत्त दर बैठकीला आळीपाळीने, आडनावाच्या अक्षरक्रमाने. नदीवर जाणाऱ्या जोड्याही दर फेरीला बदलतील.

नदीवर

सकाळी साडेसातला दोन जोड्या निघतात. एक जोडी विठ्ठलवाडी आणि राजाराम पूल करते, दुसरी म्हात्रे पूल, ओंकारेश्वर आणि संगम पूल. पाचवा माणूस लॅबमध्ये डायल्युशनचं पाणी, ब्लँक आणि ब्युरेट तयार ठेवतो.

एकट्याने नदीवर जायचं नाही. अगदी एक बाटली परत भरायची असली तरी नाही. पाण्यात उतरायचं नाही. नमुना काठावरून किंवा पुलावरून, सॅम्पलर दोरीला बांधून घ्यायचा. हातमोजे घालायचेच. साधी बादली डीओसाठी वापरायची नाही, कारण बादलीतून ओतताना हवा मिसळते आणि ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. ३०० मिलीची बाटली काठोकाठ भरून, आत बुडबुडा नाही हे बघून, मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड तिथेच घालायचं. प्रत्येकी २ मिली, पिपेटचं टोक पाण्याखाली. तपकिरी साका दिसला की बाटलीवर ठिकाण आणि वेळ. साका पांढराच राहिला तर ऑक्सिजन जवळजवळ नाही असा त्याचा अर्थ. बाटली "बिघडली" म्हणून फेकून द्यायची नाही. आपल्या नदीवर असं होऊ शकतं, आणि तेच आपल्याला नोंदवायचं आहे.

बीओडीच्या बाटल्या बर्फाच्या थर्माकोल खोक्यात, अकराच्या आत लॅबला.

निर्णय कसे घ्यायचे

आपल्या भागातले छोटे निर्णय ज्याचे त्याने घ्यावेत. आलेखाचे रंग, फोल्डरची रचना, लॅबमधली बाटल्यांची मांडणी यासाठी ग्रुपवर चर्चा नको.

एकापेक्षा जास्त जणांच्या कामावर परिणाम होणार असेल तर प्रस्ताव ग्रुपवर लिहून टाकायचा आणि "कुणाची हरकत?" असं विचारायचं. २४ तासांत हरकत आली नाही तर ठरलं. हरकत घेणाऱ्याने कारण सांगायचं. "मला नाही पटत" एवढं पुरेसं नाही. पण कारण आलं तर प्रस्ताव मांडणाऱ्याने त्याचा विचार करून प्रस्ताव बदलून बघायचा, फक्त आपलंच पुन्हा मोठ्याने सांगायचं नाही.

तरी जुळलं नाही तर शुक्रवारच्या बैठकीत मतदान, पाचपैकी तीन मतं. कुणी हजर नसेल तर त्याचं मत फोनवर घ्यायचं. दोन-दोन झालं तरी समन्वयकाला जादा मत नाही, पाचव्याची वाट बघायची. मतदान झाल्यावर विरोधात असलेल्यानेही ते काम मनापासून करायचं. त्याचा विरोध मात्र इतिवृत्तात लिहिला जाईल, कारण पुढे तोच बरोबर ठरू शकतो.

तीन गोष्टींवर मतदान होणार नाही.

पहिली, सुरक्षितता. पाणी वाढलंय, काठ निसरडा आहे, जागा ठीक वाटत नाही असं कुणा एकालाही वाटलं तर तिथलं काम थांबेल. त्याला किंवा तिला तेव्हा कारण द्यावं लागणार नाही आणि नंतर कुणी टोमणा मारायचा नाही.

दुसरी, आकडे. ब्युरेट दोघांनी, एकमेकांना न सांगता वाचायची आणि दोन्ही रीडिंग लिहायची. २०० मिली नमुना आणि ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट घेतलं की १ मिली म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे वाचण्यातली चूक सरळ निकालात उतरते. फरक ०.२ मिलीपेक्षा जास्त असेल तर त्याच बाटलीतून होईल तितकं, नाहीतर जोडीच्या दुसऱ्या बाटलीतून पुन्हा टायट्रेशन. म्हणून प्रत्येक ठिकाणी डीओच्या दोन बाटल्या भरायच्या. आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला म्हणून बदलायचा नाही, गाळायचा नाही, "असं असायला हवं" म्हणून आलेखात सरळ करायचा नाही. चौघांनी होकार दिला तरी नाही. संशयास्पद वाटलं तर शेजारच्या रकान्यात शंका लिहायची. कच्ची वही पेनने लिहायची. चूक झाली तर एक रेघ मारून वर नवा आकडा आणि आद्याक्षरं. व्हाइटनर वहीला लागता कामा नये.

तिसरी, अहवालावरची नावं. पाचही नावं राहतील, अक्षरक्रमाने. कुणी किती काम केलं हे शेवटच्या पानावर वेगळं लिहू, खरंखरं.

बैठका

दर शुक्रवारी दुपारी सव्वाचार, लायब्ररीच्या चर्चा खोलीत, ४५ मिनिटं. ओंकारला लोणावळा लोकल गाठायची असते, प्रतीकची नोकरी सहाला सुरू होते, ऋतुजाला हॉस्टेलवर वेळेत पोचायचं असतं. म्हणून पाचला उठायचं, विषय अर्धा राहिला तरी. रमजानच्या महिन्यात फैजानचा रोजा असेल. तेव्हा बैठक कँटीनमध्ये हलवायची नाही आणि कुठलंही जादा काम इफ्तारच्या वेळेपर्यंत ताणायचं नाही.

अजेंडा गुरुवारी रात्री नऊपर्यंत ग्रुपवर. नमुन्यांच्या आठवड्यात आधी बीओडीची रीडिंग, मगच बाकीचं. सुरुवातीला प्रत्येकाने दोन मिनिटांत काय झालं, काय अडलं ते सांगायचं. एकजण बोलत असताना दुसऱ्याने मध्ये तोडायचं नाही. सानिका हे बघेल, आणि सानिकाच तोडत असेल तर कुणीही थांबवावं. इतिवृत्तात फक्त निर्णय, काम, नाव आणि तारीख. ते त्याच रात्री ड्राइव्हवर.

दहा मिनिटांपेक्षा उशीर होणार असेल तर फोन करायचा. येता येत नसेल तर आदल्या दिवशी सांगायचं आणि आपलं काम कुठवर आलंय ते लिहून पाठवायचं.

ग्रुपवर

व्हॉट्सअॅप ग्रुप प्रकल्पापुरता. उत्तर २४ तासांत. रात्री दहानंतर आलेल्या मेसेजला सकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर राग मानायचा नाही. नदीवरच्या दिवशी मात्र फोन चालू हवा. फाइलला तारीख, ठिकाण, मोजमाप या क्रमाने नाव द्यायचं, उदाहरणार्थ `2026-02-10_mhatre_DO`. `final`, `final2` अशी नावं नकोत.

पैसे

सुरुवातीला प्रत्येकी ४०० रुपये फैजानकडे. बर्फ, हातमोजे, दोरी, बसभाडं, शेवटी प्रिंट आणि बाइंडिंग यातून. ३०० रुपयांवरचा खर्च आधी विचारून. हिशोब महिन्याच्या शेवटी शीटवर. कुणाला त्या महिन्यात पैसे देणं जमणार नसेल तर फैजानला एकट्याला सांगावं; तो ते ग्रुपवर बोलणार नाही.

काम अडलं तर

आजारपण, घरची अडचण, दुसऱ्या विषयाचा ताण: काहीही असो, कळल्याबरोबर सांगायचं. तपशील विचारले जाणार नाहीत. उरलेले चौघे काम वाटून घेतील आणि नंतर तो माणूस दुसऱ्या कामातून भरपाई करेल.

न सांगता काम राहिलं तर आधी सानिका एकटीने जाऊन बोलेल, ग्रुपवर नाही. सानिकाचंच काम राहिलं तर ओंकार बोलेल. दुसऱ्यांदा झालं तर बैठकीत विषय निघेल आणि नवी तारीख ठरेल. तिसऱ्यांदा झालं तर आपण पाचही जण, ज्याच्याबद्दल बोलायचं आहे त्याच्यासकट, मॅडमकडे जाऊ. पाठीमागे जाऊन तक्रार करायची नाही. आणि कुणी माघारी चौघांचा वेगळा ग्रुप काढायचा नाही. असा ग्रुप निघाला की हा करार मोडलाच म्हणून समजा.

बदल

६ मार्चच्या बैठकीत हा करार पुन्हा वाचायचा. काय चालत नाही ते सांगायचं आणि पाचही जणांच्या संमतीने बदलायचं. सुरक्षितता आणि आकडे यांवरचे नियम सैल करता येणार नाहीत, कडक करता येतील.

शुक्रवार, ९ जानेवारी २०२६
सही: सानिका, ओंकार, ऋतुजा, फैजान, प्रतीक